दहात एक कुठून आलं? लातूरच्या वाचकाला उत्तर

*"सर, लेख वाचला पण पटला नाही. दहाव्या वर्षीचा पाऊस विक्रमी असण्याची शक्यता दहात एक, हे तुम्ही पावसाचा एकही आकडा न बघता लिहिलंय. आमच्याकडं एखाद्या वर्षी असा धो-धो पडतो की पुढं कैक वर्षं तो मोडत नाही. मग दहात एक कसं? आणि दहा वर्षांत २.९३ विक्रम म्हणजे काय, विक्रम अर्धामुर्धा असतो का? मोंढ्यात सोयाबीनचं बघा, भाव चढायला लागला की रोज नवा विक्रम. पुस्तकी गणित लातुरात चालत नाही."*

सोयाबीनबद्दल तुमचं बरोबर आहे. पाऊस आणि भाव हे मी लेखात एकाच दावणीला बांधले, ती माझी चूक. त्याकडं शेवटी येतो. पावसाबद्दल मात्र माझं म्हणणं मागं घेत नाही.

आकडे बघितले नाहीत, कारण त्यांची गरजच पडत नाही. दहा वर्षांच्या पावसाची बेरीज दहा चिठ्ठ्यांवर लिहा आणि ज्या क्रमानं वर्षं आली त्याच क्रमानं त्या मांडा. यातली एक चिठ्ठी सगळ्यांत मोठी आहे. ती कितव्या जागी असेल? एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाला विचारून पडत नसेल आणि पावसाचा एकंदर स्वभाव बदललेला नसेल, तर ती पहिल्या जागी असण्याची शक्यता जेवढी, तेवढीच पाचव्या किंवा दहाव्या जागी असण्याची. दहावं वर्ष विक्रमी ठरतं ते ही मोठी चिठ्ठी शेवटच्या जागी असेल तेव्हाच. म्हणून दहात एक. पाऊस चारशे मिलिमीटर पडतो की हजार, अतिवृष्टीची वर्षं किती टोकाची असतात, यातलं काहीच या हिशेबात येत नाही. इथं फक्त लहान-मोठं बघायचं आहे.

आता तुमचं ते धो-धो वर्ष. ते आधीच्या नऊ वर्षांत पडून गेलंय हे एकदा कळलं की दहाव्या वर्षाची शक्यता खरंच घटते, इथं आपण एकाच बाजूला आहोत. समजा नवांतला सर्वांत मोठा पाऊस असा होता, की शंभरांतल्या एखाद्याच वर्षी त्यापेक्षा जास्त पडावा. मग दहाव्या वर्षी विक्रम होण्याची शक्यता शंभरात एक. पण नऊच्या नऊ वर्षं बेताचीच गेली आणि त्यांतला सर्वांत मोठा पाऊससुद्धा शंभरातली तीस वर्षं सहज मोडतील असा असेल, तर हीच शक्यता शंभरात तीस होते. अशा सगळ्या नऊ-नऊ वर्षांची सरासरी काढली तर ती नेमकी दहात एक येते. धो-धो वर्ष आपल्या लक्षात राहतं, आणि नऊ बेताची वर्षं कुणी ध्यानात ठेवत नाही. तुमचा आक्षेप या विसरण्यातून आलाय असं मला वाटतं.

याहून मजेची गोष्ट अशी. आकडा न सांगता मी एवढंच म्हणालो, की नववं वर्ष विक्रमी होतं, तर दहाव्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात, कमी झाली असणार. तसं होत नाही, ती दहात एकच राहते. पहिल्या नऊ चिठ्ठ्या आपसांत कशाही लागलेल्या असोत, नवी चिठ्ठी त्यांच्या वर, खाली किंवा मधल्या फटींत अशा दहा जागांपैकी कुठंही सारख्याच शक्यतेनं बसते. आधीचे विक्रम कोणत्या वर्षी झाले, यावरून पुढच्या वर्षाबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते फक्त आकड्यावरून.

२.९३ साठी दहा चिठ्ठ्या सोडा, तीनच घ्या: १, २, ३. त्या सहा तऱ्हांनी लागतात. पहिली चिठ्ठी कायम विक्रम धरायची, कारण तिच्याआधी कुणीच नाही. १-२-३ मध्ये तीन विक्रम होतात. १-३-२, २-१-३ आणि २-३-१ मध्ये दोन-दोन. ३-१-२ आणि ३-२-१ मध्ये एकेकच, कारण मोठी चिठ्ठी सुरुवातीलाच येऊन बसली. एकूण अकरा विक्रम भागिले सहा, म्हणजे १.८३. कोणत्याही एका तऱ्हेत १.८३ विक्रम नाहीत, हे खरंच. पोत्यामागं सरासरी उतारा काढतो तसाच हा आकडा आहे. तोच आकडा १ + १/२ + १/३ असाही मिळतो, कारण दुसरी चिठ्ठी दोनांत एकदा विक्रमी ठरते आणि तिसरी तिनांत एकदा. ही बेरीज १/१० पर्यंत नेली की २.९३ येते. दहा वर्षांत प्रत्यक्षात नेमके तीन विक्रम होण्याची शक्यता सर्वांत जास्त, सुमारे ३२ टक्के. दोन होण्याची २८ टक्के. पहिलंच वर्ष दहाही वर्षं अढळ राहण्याची दहा टक्के. आणि बेरीज शंभर वर्षांपर्यंत नेली तरी ती जेमतेम ५.१९ होते.

(जाता जाता: मराठवाड्यात आठ जिल्हे. प्रत्येकात यंदाचा पाऊस 'दहा वर्षांतला सर्वाधिक' ठरण्याची शक्यता दहात एक, म्हणजे वर्षाला सरासरी ०.८ जिल्हा. शेजारच्या जिल्ह्यांत पाऊस बरोबरच वाढतो-घटतो, त्यामुळं एखाद्या वर्षी चार-पाच जिल्हे एकदम विक्रमी होतात आणि मग काही वर्षं एकही नाही. असा मथळा दिसला म्हणून हवामान बदललं असं लगेच म्हणता येत नाही.)

आता मोंढा. यंदाचा पाऊस गेल्या वर्षीच्या पावसापासून सुरू होत नाही, पण आजचा भाव कालच्या भावापासूनच सुरू होतो. त्यात थोडं वर-खाली होतं, एवढंच. म्हणून काल विक्रमी भाव निघाला असेल तर आज नवा विक्रम व्हायला भाव जरासा चढला तरी पुरतं. चढण्या-उतरण्याची शक्यता सारखी धरली तर दोनांत एक. तुम्हाला दिसलेला 'रोज नवा विक्रम' तो हाच. पावसात याच जागी दहात एक होतं. अशा चालीसाठी डॅनिश गणिती स्पारे अँडरसन यांच्या निकालातून हिशेब मिळतो: दहावा भाव विक्रमी असण्याची शक्यता १८.५ टक्के, आणि दहा भावांत सरासरी ३.५२ विक्रम. इथंही रोजचे चढ-उतार लहान की मोठे याला महत्त्व नाही, फक्त दोन्हीकडं सारखे हवेत.

२.९३ आणि ३.५२ यांतला फरक दहा दिवसांच्या एका तुकड्यात ओळखू येणार नाही. पावसासारख्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या आकड्यांतसुद्धा पाच किंवा जास्त विक्रम साडेनऊ टक्के वेळा निघतात. तुमच्याकडं बाजार समितीचे रोजचे दर असतील, तर त्यातला 'सर्वसाधारण दर' घ्या. कमाल दर नको, एखादा चांगला ढीग आला की तो उडी मारतो. बाजाराचे तीनशे दिवस दहा-दहाच्या तीस तुकड्यांत तोडा, प्रत्येक तुकड्यातले विक्रम नव्यानं मोजा आणि सरासरी काढा. मागच्या सर्वोच्च दराएवढाच दर आला तर तो विक्रम धरू नका. दर दोन-दोन दिवस जागचा हलत नसेल तर सरासरी ३.५२ च्या खाली येईल, हे मात्र ध्यानात ठेवा. मग तेच तीनशे दर चिठ्ठ्यांवर लिहून नीट मिसळा आणि पुन्हा तोडून मोजा. मिसळलेल्यांची सरासरी तीनाच्या आसपास यायला हवी. तुमचे दोन्ही आकडे इथं खाली लिहा, मूळ लेखातलं सोयाबीनचं उदाहरण त्यांच्यानिशी बदलतो.