काउआईची ती एक तृतीयांश मुलं आणि ‘जिद्दी’चा फॉरवर्ड

“हवाईतल्या काउआई बेटावरच्या अभ्यासाने सिद्ध झालंय की गरिबी, घरात भांडणं, आजारी आईबाप असं सगळं असूनही एक तृतीयांश मुलं स्वतःच्या जिद्दीवर उभी राहिली. संकटच मुलांना घडवतं. जिद्द असेल ती तरतात, नसेल ती वाया जातात. म्हणून मुलांना जास्त सांभाळत बसू नका.”

असा एक फॉरवर्ड फिरतोय. आधी आकडा बघू, कारण आकडा खरा आहे पण अर्धाच सांगितलाय. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली काउआईवर जन्मलेली जवळपास सगळी मुलं, म्हणजे ६९८, जन्माआधीपासून चाळिशीपर्यंत फॉलो केली. बरीचशी कुटुंबं तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबणारी होती. यातल्या २०१ मुलांना दोन वर्षांची व्हायच्या आतच चार किंवा जास्त धोके चिकटलेले होते: गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, आईचं कमी शिक्षण, घरातली सततची भांडणं, आई किंवा वडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार. त्यातली ७२ मुलं, ३० मुलगे आणि ४२ मुली, अठराव्या वर्षी छान उभी होती. आणि उरलेली १२९? त्यांना दहाव्या वर्षापर्यंत शिकण्यात किंवा वागण्यात गंभीर अडचणी आल्या, नाहीतर अठरापर्यंत पोलिसात नोंद, मानसिक त्रास किंवा लवकरचं गरोदरपण. संकट जर घडवत असतं तर जास्त धोके असलेल्या मुलांचं जास्त चांगलं व्हायला हवं होतं ना, झालं बरोबर उलट, दोन तृतीयांश मुलं अडखळली.

थोडा ताण उपयोगी पडतो हे मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी याला पोलाद कडक होण्याची उपमा दिली, आणि माकडांवरचं कामही तेच दाखवतं: स्क्विरल मंकी जातीच्या माकडांच्या पिल्लांना आठवड्यातून एक तास आईपासून दूर ठेवलं, असं १० आठवडे, तर पुढे ती नव्या जागी कमी घाबरायची. पण नीट बघा, एकच तास, आणि नंतर पिल्लू परत आईजवळ. घरात वर्षानुवर्षं मारहाण चालू असलेल्या पोराला हा तास लागू होत नाही.

आता जिद्द. ज्या ७२ जणांबद्दल आपण बोलतोय त्यांचं वर्णन त्यांच्या आयांनी मूल एक वर्षाचं असतानाच केलेलं होतं: चळवळं, प्रेमळ, कुशीत घ्यावंसं वाटणारं, खाण्याझोपण्याचा फार त्रास न देणारं. एक वर्षाच्या बाळाला कसली आलीय जिद्द! हा स्वभाव आहे, आणि असा स्वभाव आजूबाजूच्या मोठ्यांना ओढून घेतो, मग मोठे जास्त बोलतात, जास्त उचलून घेतात, आणि त्यातून मूल अजून खुलतं, असं ते चक्र. शिवाय या मुलांच्या घरात बऱ्याचदा चार किंवा कमी भावंडं होती, पाठचं भावंड यायला दोन वर्षं तरी गेलेली असायची, आणि पहिल्या वर्षात सांभाळणाऱ्या माणसापासून फार दिवस ताटातूट झालेली नसायची. यातली एकही गोष्ट मुलाने कमावलेली नाही.

वर्नर यांनी स्वतः सांगितलेली एक केस घ्या. मुलगा दिवस भरायच्या आत जन्मला, आईवडील दोघंही किशोरवयीन, पहिले तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये आईपासून लांब, जन्मानंतर लगेच वडील सैन्याबरोबर दोन वर्षं आग्नेय आशियात, आठ वर्षांचा होईपर्यंत तीन धाकटी भावंडं, आईवडिलांचा घटस्फोट आणि आई बेट सोडून गेलेली. अठराव्या वर्षी हाच मुलगा आत्मविश्वासाने बोलणारा, लोकांत मिसळणारा, पुढे काहीतरी करायची उमेद असलेला. फॉरवर्ड वाचून हा एकटा लढला असं वाटेल, पण मध्ये एक वाक्य आहे जे गाळलं जातं: वडिलांनी चारही मुलं वाढवली ती म्हाताऱ्या आजीआजोबांच्या मदतीने. बाकीच्यांच्या बाबतीतही हेच परत परत येतं, कुणाची आजी, कुणाची मोठी बहीण, कुणाची मावशी, कुणाचे आवडते सर, शेजारी, चर्चमधलं कुणी. आपल्याकडे ‘आजीने वाढवलेला’ म्हणतात ना, तो इथे अक्षरशः डेटामध्ये सापडतो.

इथे एक रास्त शंका आहे, सेमिनारमध्ये कुणीतरी काढणारच. गोड बाळांनाच आजी मिळाली असेल तर? म्हणजे आजीमुळे फरक पडला की बाळाच्या स्वभावामुळे? काउआईचा डेटा याचं पक्कं उत्तर देऊ शकत नाही, कारण तिथे कुणी आज्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या नव्हत्या. पण बुखारेस्टमध्ये जवळपास तेच केलं गेलं. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी रोमानियातल्या अनाथाश्रमांमधली १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठीने निम्मी पालक कुटुंबांत दिली, निम्मी होत्या त्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ७३ च्या आसपास, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांचा १०९. चिठ्ठी मुलाची जिद्द बघत नाही, म्हणून हा ८ चा फरक माणसाने सांभाळल्यामुळेच पडला असं म्हणता येतं. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना जास्त फायदा झाला. आणि ८१ पासून १०९ पर्यंतची दरी तशीच राहिली, तीही लपवायची नाही, मदतीने सगळं भरून निघत नाही.

‘वाया जातात’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागतो. काउआईच्या टीमने १८ ला थांबायचं ठरवलं असतं तर तो खोडता आला नसता, पण त्यांनी त्याच मुलांना ३२ आणि ४० व्या वर्षी परत गाठलं आणि किशोरवयात अडचणीत सापडलेल्यांपैकी बहुतेक जण सावरलेले सापडले. कशाने? कम्युनिटी कॉलेजात परत शिकायला जाणं, सैन्यातली नोकरी, स्थिर जोडीदार, एखाद्या धर्मसमूहात सामील होणं, काहींच्या बाबतीत जीवघेण्या आजारातून वाचणं. किशोरवयात आई झालेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी तिशीत बऱ्या स्थितीत होत्या. म्हणजे दुसरी संधी देणारं दार उघडं असलं की लोक त्यातून आत आले, आणि हे दार कॉलेजने, सैन्याने, जोडीदाराने उघडं ठेवलेलं होतं.

शेवटी ज्यांना आपण ‘तरली’ म्हणतो त्यांच्याबद्दल. मोजताना आपण मार्क, वागणूक, पोलिस रेकॉर्ड बघतो, शरीर बघत नाही. जीन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातल्या कृष्णवर्णीय तरुणांमध्ये शरीरही बघितलं. गरीब घरातली पण स्वतःवर प्रचंड ताबा असलेली मुलं नैराश्यात कमी, नशेत कमी, वागायला उत्तम, आणि त्याच मुलांमध्ये रक्तदाब, ताणाची हार्मोन्स वगैरे मिळून मोजलेली शरीराची झीज जास्त. सधन घरातल्या तितक्याच शिस्तीच्या मुलांमध्ये ही किंमत दिसली नाही. म्हणून कुणी रेझिलियन्सची, म्हणजे संकटातून तरून उभं राहण्याची, केस मांडली की मी आधी दोन गोष्टी विचारते: त्याच्यामागे कोण उभं होतं, आणि त्याचं बीपी कुणी मोजलंय का.