‘थोडंसं अजून’ने उतरत नाही

“कोकेन काय नि स्पीड काय, दोन्ही डोपामिनच वाढवतात. नंतर पडल्यासारखं वाटतं ते डोपामिनची टाकी रिकामी झाल्यामुळे. थोडंसं परत घ्या, नाहीतर झोप काढा, दोन दिवसांत टाकी फुल्ल.”

भाच्याने हे पाठवून वर विचारलं, “मामा, बरोबर आहे ना?” नाही रे बाबा.

दोन्हींनी मेंदूतलं डोपामिन हे रसायन वाढतं, एवढं मान्य. पण कसं वाढतं? चेतापेशी डोपामिन बाहेर सोडते आणि तिच्याच भिंतीतला एक पंप ते परत आत ओढतो. कोकेन त्या पंपात बूच बसवतं. मग पेशीने सोडलेलं डोपामिन बाहेरच साचतं, आणि पेशी गप्प असेल तर साचायला फारसं काही नसतं. स्पीड म्हणजे अँफेटामिन; ते त्याच पंपातून आत घुसतं, साठवणीच्या पिशव्यांना गळती लावतं आणि पंप उलटा फिरवतं. मग पेशीने इशारा देवो न देवो, माल बाहेर पडतो. 1988 साली दि कियारा आणि इंपेरातो यांनी उंदरांच्या मेंदूत हे मोजलं, तेव्हा अँफेटामिनने डोपामिन नेहमीच्या सुमारे दहापट गेलं, कोकेनने तीन-चार पटींपर्यंत. (डोस बदलला की आकडे बदलतात, क्रम सहसा नाही.)

आता ती टाकी. अँफेटामिननंतर साठा खरंच खालावतो, तेवढं अर्धसत्य पदरात घाला. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. बाहेर पूर आला की मेंदू ब्रेक दाबतो: पेशी डोपामिन सोडणं कमी करते, आणि वारंवार घेणाऱ्यात डायनॉर्फिन नावाचं रसायन वाढून डोपामिन आणखी दाबतं. नशा ओसरली तरी ब्रेक लगेच सुटत नाही. म्हणून माणूस नेहमीच्या पातळीवर थांबत नाही, तिच्याही खाली जातो. नुसता थकवा नव्हे: कशातच रस नाही, भीती, चिडचिड, कधी मरणाचे विचार. ते आले तर झोपेची वाट बघायची नाही, माणसाला एकटं न सोडता दवाखान्यात न्यायचं.

सगळ्यात संताप येतो तो “थोडंसं परत घ्या” यावर. समजा कोणी रात्री दहाला मेथ, म्हणजे अँफेटामिनचाच जोरदार भाऊ, घेतलं. त्याचं अर्धायुष्य साधारण दहा तास, म्हणजे सकाळी आठलाही निम्मं अंगात आहे. मजा मात्र केव्हाच उतरू लागलेली, कारण मेंदू तेवढ्यात बधिर झालाय. तो मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं तसं अंग काही रिकामं झालेलं नाही. नवा डोस त्या निम्म्यावर चढतो, मजा पहिल्यापेक्षा कमी आणि हृदयावर, रक्तदाबावर भार आणखी जास्त. कोकेनचं अर्धायुष्य तासाभराचं, म्हणून तिथे हीच चूक एका रात्रीत पाच-सहा वेळा होते.

झोप मात्र काढावी, त्यात मेसेज लिहिणाऱ्याचं चुकलेलं नाही. फक्त दोन दिवसांनी हिशेब संपतो असं नाही. नेहमीच्या वापरानंतर उदासी आठवडे टिकते.