लाडकी बहीणचे पैसे ‘दुसऱ्याच खात्यात’ का जातात? एक खुलासा

‘बँकेत आधार दिलंय, फॉर्मवर खाते नंबरही बरोबर लिहिलाय, म्हणजे पैसे त्याच खात्यात येणार.’

हे चुकीचं आहे. बँकेने केवायसीसाठी आधार घेणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग होणं, म्हणजे आधार त्या खात्याशी जोडलं जाणं, वेगळं. आधारवर आधारित डीबीटीत पैसे फॉर्मवरचा नंबर पाहून जात नाहीत. एनपीसीआय या देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, खाते क्रमांक नसतो. रक्कम त्या बँकेकडे जाते आणि तिथे सीडिंग झालेल्या खात्यात जमा होते. शेवटी ज्या बँकेत संमती दिली, तीच नोंद चालते. आधीची आपोआप पुसली जाते.

समजा, एका ताईंनी फॉर्मवर जिल्हा बँकेचं खातं लिहिलं. मधल्या काळात मोबाईल दुकानात पेमेंट बँकेचं खातं उघडताना त्यांनी सीडिंगच्या रकान्यावर टिक केली होती. मग १५०० रुपये तिथेच जाणार. पैसे बुडालेले नसतात, म्हणून आधी ते पेमेंट बँकेचं खातं तपासा. अशा वेळी योजनेचा अर्ज पुन्हा भरून काही होत नाही, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

myAadhaar संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘Bank Seeding Status’ पाहा. तिथे बँकेचं नाव आणि ‘Active’ किंवा ‘Inactive’ दिसतं. बँक बदलायची असेल, तर हव्या त्या बँकेच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. आधीच गेलेला हप्ता मात्र नव्या खात्यात वळत नाही.