गूगल लेन्सवर फोटो सापडला, मग?

“कोणत्याही धंद्याच्या वेबसाईटवरचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसरीकडे दिसला तर पार्टी बोगस. कुठेच दिसला नाही तर फोटो त्यांचाच, बिनधास्त ॲडव्हान्स पाठवा. सगळ्या ग्रुपवर टाका.”

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत घरांची कामं निघाली आहेत आणि लोक या मेसेजवर विसंबून किचनवाल्यांना पैसे द्यायला निघाले आहेत, म्हणून लिहितोय. यातले दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडणारा आहे.

आधी ‘तोच फोटो’ म्हणजे काय ते बघू. लेन्स आपल्या मनाने फोटोतली एखादी वस्तू निवडतं, म्हणजे चिमणी किंवा टाइल्स, आणि तिच्यासारख्या वस्तू दाखवतं. ती दिसली म्हणून फोटो चोरीचा ठरत नाही. चौकट ओढून पूर्ण फोटोवर आणा आणि निकालांत Exact matches उघडा. स्क्रीनशॉट देणार असाल तर मोबाइलच्या पट्ट्या कापून फक्त फोटो ठेवा.

आता तंतोतंत तोच फोटो सापडला, तरी तो कुठे सापडला ते पाहायला हवं. मुख्य पानावरचं हसतं कुटुंब फोटो विकणाऱ्या साईटवर मिळालं, तर त्यात गैर काही नाही. असे फोटो पैसे भरून कोणीही वापरू शकतं. चिमणी कंपनीने दिलेला चिमणीचा फोटो तर दहा विक्रेत्यांकडे असणारच. फसवणुकीचा प्रश्न येतो तो फोटोखाली ‘आम्ही केलेलं काम’ असं लिहिलेलं असेल तेव्हा.

आणि तेव्हाही कोणी कोणाचा उचलला हे उरतंच. प्रामाणिक छोट्या कारागिराचे फोटो मोठ्या साईट उचलतात, आणि या मेसेजच्या हिशोबाने बोगस ठरतो तो कारागीर. tineye.com या फोटो शोधणाऱ्या साईटवर, म्हणजे टिनआयवर, Oldest असा क्रम लावला की जुनी नोंद वर येते, पण ती तारीख त्या यंत्रणेला फोटो पहिल्यांदा सापडल्याची असते, फोटो टाकल्याची नव्हे. त्यामुळे मी तारखेपेक्षा फोटोकडे जास्त बघतो. मूळ मालकाकडे तो सहसा मोठ्या आकाराचा आणि न कापलेला असतो, आणि त्याच खोलीचे दुसऱ्या कोनांतून काढलेले फोटोही असतात. चोराकडे बहुतेक वेळा एकच फ्रेम असते.

“कुठेच दिसला नाही” याबद्दल मात्र माझ्या मावसबहिणीचा अनुभव सांगतो. तिने एका इंटिरियरवाल्याची साईट पाठवली होती. त्यात ‘गोरेगावचं पूर्ण झालेलं काम’ म्हणून एका किचनचा फोटो होता. लेन्सवर Exact matches मध्ये काही नाही, टिनआयवरही नाही. मेसेजप्रमाणे फोटो अस्सल! पण फोटो मोठा करून पाहिला तर मायक्रोवेव्हवरचे आकडे उलटे होते. कोणीतरी फोटो आरशासारखा फिरवला होता, आणि एवढ्यानेही शोध चुकू शकतो. मोबाइलच्या गॅलरीत एडिटमध्ये जाऊन तो पुन्हा उलटवला आणि शोधला, तेव्हा एका अमेरिकन डिझायनरच्या पानावर तेच किचन निघालं, चार-पाच कोनांतून, आणि आपल्या फोटोत कापलेली डावीकडची खिडकीही तिथे होती. खरं तर शोधाशिवायही कळलं असतं. ओट्यामागच्या भिंतीवर दोन उभ्या चिरा आणि खाली एक भोक अशा प्लगच्या जागा होत्या. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात. फोटो कितीही फिरवला तरी ते लपत नाही.

सुट्या चिन्हांवर अडून राहू नये, पण गॅसच्या शेगडीऐवजी ओव्हनला जोडलेली कुकिंग रेंज, मुंबईच्या फ्लॅटमध्ये न मावणारा ओटा, खिडकीबाहेरची झाडं, हे सगळं बघावं.

शोध रिकामा येण्याचं दुसरं कारण साधं आहे. ही यंत्रणा तिने आधी पाहून नोंदवलेल्या पानांतच शोधते. कोणाच्या खासगी इन्स्टाग्रामवरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ कॅटलॉगमधून किंवा परवाच सुरू झालेल्या साईटवरून उचललेला फोटो तिला माहीतच नसतो. म्हणून ‘नाही सापडला’ याचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच घ्यावा आणि एका यंत्रणेवर थांबू नये. जागा आणि इमारती ओळखण्यात यांडेक्स हे रशियन सर्च इंजिन अनेकदा लेन्सच्या पुढे जातं.

पण खरी परीक्षा समोरच्या माणसाला विचारूनच होते. ज्याने किचन बसवलं त्याच्याकडे त्याच किचनचे दुसऱ्या कोपऱ्यातून काढलेले, प्लायवूड उघडं असतानाचे, अर्धवट कामाचे फोटो असतात. कारागीर मोबाइलवर काढतातच. ते मागा. चालू असलेल्या कामावरून व्हिडिओ कॉल करायला सांगा, किंवा पत्ता घेऊन स्वतः जा. बहिणीने त्या इंटिरियरवाल्याकडे गोरेगावच्या किचनचा आणखी एक फोटो मागितला, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तो फक्त रेफरन्स आहे.” साईटवर त्याखाली ‘पूर्ण झालेलं काम’ असंच लिहिलेलं होतं. तिने ॲडव्हान्स दिला नाही.