भिंतीला साडी नेसवणे

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि त्याची झळ थेट माझ्या कपाटाला बसली. तोपर्यंत आमच्या गणपतीचं मखर दुकानातून यायचं, दहा दिवसांनी माळ्यावर जायचं आणि पुढच्या वर्षी कळस मोडलेल्या अवस्थेत खाली यायचं. बंदीनंतर एक-दोन वर्षं पुठ्ठ्यावर गेली. मग लेकीने कुठलीतरी रील पाहिली आणि जाहीर केलं, "आई, तुझ्याकडे एवढ्या साड्या नुसत्या पडून आहेत. त्यांचंच डेकोरेशन करू."

'पडून आहेत' म्हणे! साडी पडून नसते, ती ठेवलेली असते. कुठल्या लग्नात कोणती, बारशाला कोणती, मावसनणंद येणार असेल तर कोणती नाही, हा सगळा हिशेब त्या घड्यांमध्ये असतो. पण बाप्पाच्या कामाला नाही म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे मी आधी धूर्तपणे आहेराच्या साड्या पुढे केल्या. कोणीतरी कोणालातरी दिलेल्या, तिने दुसरीला दिलेल्या, अशा फिरत फिरत आमच्या घरी मुक्कामाला राहिलेल्या. लेकीने त्या एका नजरेत बाद केल्या आणि सरळ वरच्या कप्प्यात हात घातला. तिथे मलमलीत गुंडाळलेल्या दोन पैठण्या होत्या, एक मोरपिशी आणि एक डाळिंबी.

"या दोन," ती म्हणाली. सासूबाई पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसतात तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष मोरांकडे होतं.

आता गणित. खिडकी आणि शोकेसच्या मधली आमची भिंत सहा फूट रुंद. साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब, आणि पन्हा पंचेचाळीस इंच. यांनी टेप घेऊन हे सगळं कागदावर मांडलं आणि निष्कर्ष काढला की साडी आडवी लावली तर अठरा फुटांच्या चुण्या घालून बरोबर सहा फुटांत बसते आणि टेबलापासून वर पावणेचार फूट उंची मिळते. एक फुटाच्या मूर्तीला हे पुष्कळ. वर काठ, खाली काठ, मधे चुण्या. कागदावर फार सुरेख दिसत होतं.

मोरपिशी साडी लावली आणि आम्ही सगळे मागे सरकून पाहू लागलो. अंगभर बुट्टे छान उभे होते. पदरावरचे मोर मात्र आडवे पडले होते. एका बाजूला रांगेने, चोची जमिनीला समांतर, जत्रेहून दमून आल्यासारखे.

साडी विणणाऱ्याने ती भिंतीसाठी विणलेली नसते हो. अंगावर साडी कंबरेभोवती आडवी जाते, म्हणून अंगातले बुट्टे काठाच्या हिशेबाने उभे असतात. पदर खांद्यावरून पाठीवर उभा सुटतो, म्हणून माझ्या पैठणीतले मोर त्या हिशेबाने उभे. एकाच कापडात दोन दिशा. बाईच्या अंगावर दोन्ही सुलट दिसतात, कारण मधे खांदा असतो. भिंतीला खांदा नाही.

मग साडी उभी लावून पाहिली. दोरीवर मधोमध टाकली, नऊ फूट पुढे, नऊ फूट मागे. मोर ताडकन उभे राहिले आणि बुट्टे आडवे झाले. शिवाय पंचेचाळीस इंचांत सहा फुटांची भिंत झाकेना. दुसरी साडी शेजारी घेतली, तर दोन्हींचे पदर टेबलाच्या मागे जमिनीवर लोळायला लागले. ज्या पदरासाठी हा खटाटोप, तो टेबलामागे केर गोळा करतोय.

या क्षणी यांना युक्ती सुचली. हे स्टुलावर उभे होते आणि उंचीवर गेलं की यांना युक्त्या सुचतात. "साडीला फॉल असतो ना? तो वरून-खालून शिवलेला असतो, म्हणजे ती नळीच झाली. तिच्यातून पडद्याचा रॉड घाला. पिन नको, टाचणी नको." ऐकायला इतकं चोख वाटलं की मी दोन टाके उसवूनही दिले. रॉड गेला. साडी टांगली. पण फॉल असतो खालच्या काठाला, त्यामुळे खालचा काठ वर गेला आणि बुट्टे शीर्षासन करू लागले. वर फॉल फक्त निम्म्या साडीला. उरलेली निम्मी जड साडी त्या हातशिलाईला लोंबकळत होती. टाके एकेक करून टक् टक् सुटताना ऐकू आले. फॉल-पिकोवाल्या ताईंकडे ती साडी परत नेली, तेव्हा त्यांनी फॉल कसा उसवला एवढंच विचारलं. मी म्हटलं, पायात आला.

शेवटी तह झाला. साडी आडवी, चुण्या घालून, मोर शोकेसच्या मागे दडवलेले. पिनांचा प्रश्न मात्र मी कोणावर सोडला नाही. रेशमात सेफ्टी पिन गेली की भोक राहतं, आणि पावसाळी हवेत पिन गंजली तर भोकाभोवती तपकिरी टिकलीही राहते. म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे, त्यांच्या दातांत घडी घातलेला मऊ कागद, आणि खिडकीच्या गजापासून शोकेसच्या मागच्या हुकापर्यंत ताणलेली नायलॉनची दोरी. पिन लावायचीच असेल तर पदराला खांद्यापाशी आधीची भोकं असतातच, त्याच भोकांतून. या भोकांचा नकाशा बाईला पाठ असतो.

भिंत झाली म्हणताच लेकीची नजर छताकडे गेली. रीलमध्ये छताला मधोमध गाठ आणि चारी बाजूंना झोळ असलेला शिफॉनचा चांदवा होता. आमच्या छताला मधोमध पंखा आहे. रीलवाल्यांच्या घरी पंखा नसतो, त्यांना बहुधा घामही येत नाही. भाद्रपदातली हवा, पंचवीस माणसं आरतीला, आणि पंखा बंद! मी पंख्याला हात लावू दिला नाही. मग चांदवा फक्त मूर्तीच्या डोक्यावर, चार फूट बाय चार फूट, असा तोडगा निघाला. त्यासाठी माझ्या दोन शिफॉनच्या साड्या कामी आल्या. हलक्या, झोळ छान पडतो, आणि त्या कधीकाळी मला बारीक दाखवायच्या म्हणून घेतलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडून आता काही अपेक्षा नव्हती.

त्या दुहेरी चिकटपट्टीने छताला लावल्या. रात्री अकराला सुंदर दिसत होतं. पहाटे तीन वाजता धप् असा आवाज आला आणि सासूबाईंनी "कोण आहे?" म्हणून विचारलं. चांदवा होता. भिंतीवर वजन पट्टीच्या कडेने खाली सरकायला बघतं, तेव्हा ती बराच वेळ धरून ठेवते. छतावर वजन तिला सरळ सोलूनच काढतं. त्यात पावसाळ्याची ओल आणि आमच्या छताचं जुनं डिस्टेंपर. पट्टी प्रामाणिक होती, तिने रंग सोडला नाही, रंगाने छत सोडलं. साडीला रंगाचे चार पोपडे आणि छताला चार नकाशे. मांडववाले कापड लावतात ते छताला कधीच लावत नाहीत, आधी बांबूचा नाहीतर पट्ट्यांचा सांगाडा उभा करतात आणि कापड त्यावर ताणतात, हे यांनी सकाळी चहा पिताना सांगितलं. रात्री सांगितलं असतं तर चाललं असतं. मग दोन दोऱ्या आणखी ताणल्या आणि चांदवा त्यांवर टाकला. समई मात्र मी त्याच्या खालून काढून दोन हात पुढे आणली. शिफॉन बहुतेक सिंथेटिक असतं. ते नुसतं जळत नाही, वितळून चिकटतं, आणि निरांजन घेऊन नाचणारी भाचरं आमच्याकडे भरपूर आहेत.

गणपती बसले. येणारा प्रत्येक जण "वा, काय बॅकड्रॉप!" म्हणत होता. दोन बायका जवळ जाऊन काठ चिमटीत धरून "खरी आहे का गं?" एवढंच बघून आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौरी यायच्या. सासूबाईंनी मुखवटे पुसून कोठ्यांवर ठेवले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "आता साड्या दे. थोरलीला मोरपिशी, धाकटीला डाळिंबी. दरवर्षीचं ठरलेलं आहे."

मोरपिशी गणपतीच्या मागे होती. डाळिंबी टेबलाला पुढून गुंडाळलेली होती.

"आई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, गौरी यंदा भिंतीला टेकून बसणार."

पुढचा अर्धा तास कसा गेला ते विचारू नका. बाप्पा जागचे हलवायचे नाहीत, त्यामुळे हे टेबलामागे पोटावर सरपटत गेले आणि चिमटे काढत गेले. गौरी नेसल्या, आणि मोर एकदाचे खांद्यावरून पाठीवर उभे राहिले. बाप्पाच्या मागे मात्र डिस्टेंपरची भिंत.

तिथे लेकीच्या ओढण्या उपयोगी पडल्या. तीन ओढण्या, प्रत्येकीची लांबी सव्वादोन मीटर, पन्हा पस्तीसेक इंच. तिन्ही शेजारी उभ्या टांगल्या, की सहा फुटांच्या भिंतीला मोजक्या चुण्यांसकट पुरतात आणि दोरीपासून जमिनीला टेकतात. ओढणीची दोन्ही टोकं सारखी. पदर नाही, फॉल नाही, उलट-सुलट नाही. तीन दिवस जो घोळ घातला तो तिने दहा मिनिटांत संपवला, आणि वर म्हणाली, "मी आधीच म्हणणार होते."

चौथी ओढणी जेवणाच्या टेबलावर गेली. पन्ह्याच्या तीन घड्या केल्या की फूटभराची पट्टी होते आणि पाच फुटी टेबलाच्या दोन्ही टोकांना फूटभर लोंबते. जाऊबाईंनी आधी तिथे साडी घालून पाहिली होती. अठरा फुटांची इतकी जाड गादी झाली की तिच्यावर मठ्ठ्याचे पेले कलंडायला लागले. ओढणीवर पेले उभे राहिले, पण पुरणपोळीवरचं तूप नेमकं जरीवर सांडलं. मी लगेच टाल्कम पावडर टाकली, तुपाला ती बरी. दुसरीकडे हळदीचा हात लागला होता, तो भाचीने प्रेमाने साबणाने चोळला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. भाची रडायला लागली, तिला वाटलं ओढणीला रक्त आलं. पाण्याने साबण काढून दोन दिवस उन्हात टाकल्यावर डाग फिका झाला, कारण हळदीला ऊन सोसत नाही. पण तेवढ्या उन्हात ओढणीचा रंगही थोडा उतरला, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही.

विसर्जनानंतर साड्यांच्या घड्या मोडून नव्या घातल्या, जुन्या घडीवर जर तुटते म्हणून. मोरपिशीला उदबत्तीचा वास आहे, तो मी मुद्दाम राहू दिलाय.

परवा सोसायटीच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी आल्या होत्या. नवरात्रात हॉलचं छत सजवायचं आहे, तीस फूट बाय वीस, घरटी दोन साड्या हव्यात, जरा भारीतल्या. "तुमच्याकडच्या गणपतीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत हं!"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्याकडे हो कुठल्या भारी? सगळी आहेराचीच लुगडी. हव्यात तर दोन काय, दहा घेऊन जा."

त्या दहा घेऊन गेल्या.