कॉफीच्या कपात कॉफीपेक्षा दुधाचा भार मोठा

कॉफी आणि पर्यावरण असा विषय निघाला की चर्चा कागदी कप आणि यंत्रात घालायच्या कॉफी पुडीच्या छोट्या बंद डब्या म्हणजे कॅप्सूल यांच्याकडे वळते. डोळ्यांना दिसणारा कचरा तेवढाच असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. परंतु दूध घातलेल्या एका कपाचा हिशेब मांडला, तर सर्वांत मोठा भार दुधाचा निघतो आणि चर्चेत नेमके त्याचेच नाव येत नाही, असे माझे मत आहे.

समजा, एका कपात १० ग्रॅम भाजलेली कॉफी आणि १५० मिलिलिटर दूध आहे. भाजताना बियांचे वजन घटत असल्यामुळे या कपासाठी सुमारे १२ ग्रॅम कच्च्या बिया लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाममधून ब्रिटनला जाणाऱ्या अरेबिका कॉफीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या पद्धतीने पिकवून पाठवलेल्या एक किलो कच्च्या कॉफीमागे १५.३३ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, आणि खते-रसायने बेताने वापरली, माल विमानाऐवजी जहाजाने पाठवला, तर तेच ३.५१ किलोपर्यंत उतरते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपल्या कपातील कॉफीचा वाटा ४० ते १८५ ग्रॅमच्या दरम्यान येतो.

आता दूध पाहू. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अन्नोत्पादनाच्या जागतिक अभ्यासानुसार एक लिटर गायीच्या दुधामागे सरासरी ३.२ किलो उत्सर्जन होते, त्यामुळे १५० मिलिलिटरचा वाटा ४८० ग्रॅमच्या आसपास जातो. गायीच्या पोटात तयार होणारा मिथेन, चाऱ्याची शेती आणि शेण ही त्याची मुख्य कारणे आहेत. अर्थात ही सरासरी आहे आणि प्रदेशागणिक ती बरीच बदलते. तरीही बारा ग्रॅम बियांपेक्षा दूधच वरचढ ठरते. मोजकेच पाणी आणि दूध तापवण्याची वीज या बेरजेत जेमतेम १० ते १५ ग्रॅमची भर घालते.

पाण्याचा हिशेब मात्र जपून वाचावा लागतो. ‘एका कपामागे १३० लिटर पाणी’ हा आकडा सर्वत्र फिरतो. तो ७ ग्रॅम कॉफीच्या कपासाठी काढलेला आहे आणि त्यातील बहुतांश पाणी कॉफीच्या झाडांवर पडलेल्या पावसाचे असते. तो पाऊस कॉफी नसती तरी पडलाच असता, त्यामुळे हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. खरा ताण येतो तो कोरड्या हंगामात भूजल उपसून सिंचन केले जाते तिथे, आणि फळाचा गर व बियांवरचा चिकट थर धुऊन काढण्याच्या ओल्या प्रक्रियेत. या प्रक्रियेतले आम्ल, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले सांडपाणी तसेच ओढ्यात सोडले, तर पाण्यातील प्राणवायू संपतो. फळे अख्खी उन्हात वाळवण्याच्या पद्धतीत पाणी अगदी कमी लागते. पाकिटावर ‘नॅचरल’ लिहिलेली कॉफी बहुधा अशीच तयार केलेली असते. दुधाचा प्रचलित आकडा, म्हणजे लिटरमागे सरासरी ६२८ लिटर, हा पाऊस वगळून नदी-भूजलातून घेतलेल्या पाण्याचा आहे. तेव्हा तो १३० च्या शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे, जरी तसे तक्ते सर्रास दिसत असले तरी.

म्हणून पहिला उपाय दुधाचा. १५० ऐवजी ५० मिलिलिटर दूध घातले तर एका कपामागे सुमारे ३२० ग्रॅम उत्सर्जन वाचते. ओटच्या दुधाचे उत्सर्जन लिटरमागे ०.९ किलो आणि पाणी ४८ लिटर आहे. बदामाच्या दुधाचे उत्सर्जनही कमीच, परंतु त्याला लिटरमागे ३७१ लिटर पाणी लागते. पाणीटंचाईचा विचार करणाऱ्याने त्याऐवजी ओटचे दूध घेतलेले बरे.

काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी कॉफीचे प्रमाणच निर्णायक ठरते. क्यूबेकमधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या तुलनेत २८० मिलिलिटर फिल्टर कॉफीसाठी २५ ग्रॅम पूड धरली होती आणि कॅप्सूलसाठी १४ ग्रॅम. इतक्या फरकामुळे कॅप्सूलचे वेष्टन धरूनही फिल्टर कॉफीचा भार जास्त निघाला. याचा अर्थ कॅप्सूल घ्यावी असा मी लावत नाही. पूड अंदाजाने न ओतता काट्यावर तोलावी आणि भांड्यात उरेल इतकी कॉफी करूच नये, एवढा अर्थ पुरेसा आहे. कॉफी-मेकरची तापपट्टी दोन तास चालू ठेवली, तर ८० वॅटच्या हिशेबाने ०.१६ युनिट वीज जाते, आणि विजेच्या जागतिक सरासरी उत्सर्जनानुसार ते ७५ ग्रॅमच्या आसपास भरते. जहाजाने आलेल्या चांगल्या कॉफीच्या एका कपापुरत्या बियांपेक्षाही जास्त. तयार कॉफी लगेच थर्मासमध्ये ओतली आणि केटलीत कपापुरतेच पाणी घेतले की हा खर्च जवळपास संपतो, शिवाय तापपट्टीवर कॉफीला येणारा कडवट, करपट वासही टळतो.