आडाचे पाणी आणि पितळी फरशी

“मामा, पणजोबांनी आपल्या आडावर काही लोकांना पाणी भरू दिले नाही, यात माझा काय दोष? मी तर कोणाची जात विचारत नाही.” पुण्याहून भाच्याने हे विचारले.

मी गेली अनेक वर्षे जर्मनीत कोलोनला राहतो. जून २०२४ मध्ये इथला नागरिकत्वाचा सुधारित कायदा लागू झाला. तेव्हापासून नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दल जर्मनीवर असलेली विशेष ऐतिहासिक जबाबदारी अर्जदाराला मान्य करावी लागते, आणि मी ती मान्य करून सही केली. त्या काळात माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती पाहत होते, त्यामुळे त्या पापाचा कणही माझ्या अंगाला लागलेला नाही. तरीही सही करताना मन कचरले नाही. ज्या राज्याचे रस्ते, दवाखाने आणि निवृत्तिवेतन मी घेतो, त्याची जुनी देणीही माझी झाली. १९५२ च्या करारात पश्चिम जर्मनीने इस्राएलला तीन अब्ज मार्क देण्याचे कबूल केले, तेव्हाही ज्यांनी कोणाला हात लावला नव्हता अशा लाखो करदात्यांच्या खिशातूनच ते गेले.

दोष आणि देणे यांतला हा भेद जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गच्या व्याख्यानांत मांडला. पत्नी ज्यू असल्यामुळे १९३७ मध्ये त्यांची प्राध्यापकी काढून घेण्यात आली होती. त्यांच्या मते गुन्ह्याचा दोष एकेका माणसाचा असतो आणि तो न्यायालयाने ठरवायचा असतो, तर राज्याच्या कृत्यांची भरपाई सगळ्या नागरिकांवर येते. आपण गप्प का राहिलो, याचा नैतिक हिशेब मात्र ज्याने त्याने आपल्या मनाशी करायचा असतो. (त्यांनी आणखी एक दोष सांगितला आहे, निव्वळ जिवंत राहिल्याचा, तो मला अजून पुरता उमगलेला नाही.) सबंध समाज गुन्हेगार ठरू शकत नाही, पण सबंध समाजावर देणे असू शकते, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते.

आमच्या दारासमोर फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा बसवलेला दगड आहे, नाझींनी तिथून नेलेल्या रहिवाशाच्या आठवणीचा. ‘इथे राहत होते’ या शब्दांखाली एक नाव, जन्मसाल आणि हद्दपारीचे वर्ष कोरलेले आहे. दर ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मरणदिनी, शेजारच्या आजी गुडघे टेकून तो चिंधीने घासतात. “आमच्या घरच्यांना काही माहीत नव्हते,” असे त्या म्हणतात. घासण्याची कळकळ खरी आहे, पण हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. हद्दपार झालेल्यांच्या पलंग-कपाटांचे जाहीर लिलाव शहराशहरांत होत होते आणि ते सामान शेजारीपाजारीच घरी नेत होते. कोणी मारले, याच्याइतकाच कोणाला काय मिळाले, हाही प्रश्न आहे.

भाच्याचा प्रश्न मी आत्याला सांगितला, तर ती थेट १९४८ वर गेली. गांधीजींची हत्या एका ब्राह्मणाने केली म्हणून सातारा-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे पेटवली गेली, त्यांत आमचेही घर होते. “तेव्हा आम्हाला कोणी विचारले होते का, तुम्ही काय केले म्हणून?” ती म्हणाली. तिचे दुःख मी लहान करणार नाही. जातीवरून शिक्षा देणे म्हणजे जे न्यायालयाने माणसागणिक ठरवायचे ते जमावाने सरसकट लादणे, आणि ते चूकच होते. पण त्याच घराच्या परसातल्या आडावर पाणी नाकारले जात होते, हेही तितकेच खरे आहे. एका अन्यायाने दुसऱ्याची फेड होत नाही.

आपल्या कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रकरणांत राज्य सरकार एखाद्या भागातल्या रहिवाशांवर सामूहिक दंड बसवू शकते. मात्र तो जातीवर बसत नाही. गुन्ह्याला साथ देणे, आरोपीला आसरा देणे, पुरावा दडपणे किंवा शोधात मदत न करणे, यांपैकी काहीतरी चौकशीत दिसावे लागते. दंडाची दवंडी पिटली जाते, ऐपतीप्रमाणे वाटणी होते आणि ज्याला सूट हवी त्याला अर्ज करता येतो. म्हणजे गाव जबाबदार धरले तरी माणसाला आपले वेगळे म्हणणे मांडायला दार उघडे राहते. १९४८ च्या जमावाने नेमके तेच दार बंद केले होते.

तेव्हा भाच्या, तू दोषी नाहीस. पण तो आड बुजवून ती जागा विकली गेली आणि त्या पैशांवर तुझी आई शिकली. पाणी नाकारले गेलेल्या घरांत तेवढा पैसा कधी आला का, हे आपल्यापैकी कोणी विचारलेले नाही. हे देणे किती पिढ्या चालावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. जर्मनीतही त्यावर एकमत नाही. पाणी नाकारले गेलेल्यांतल्या दोन घरांची नावे आत्याला आठवतात. ती मी तुला कळवली आहेत, आणि डिसेंबरात येईन तेव्हा आपण दोघे गावी जाऊ.